सोमवारचे खांब

कोकिळाला सोमवारचा पूर्वी धसकाच असायचा. डोणगावातल्या एका पाण्याच्या संस्थेत ती नोकरीला लागली तेव्हा बारा गावांच्या विहिरींतल्या पाण्याचे आकडे एकेक करून स्लाइडवरच्या आलेखात भरायचे काम तिच्याकडे होते. दहाला बैठक. संस्थेकडे टँकर दोनच, आणि ज्या दोन गावांचे खांब सगळ्यांत बुटके, त्यांना त्या आठवड्यात ते मिळायचे. बैठकीत बसणारे लोक आलेखाखेरीज दुसरे काही वाचत नसत, चहा मात्र दोनदा पीत.

मग तिने ते काम संगणकाच्या गळ्यात घातले. रात्री यूट्यूबवर शिकून तिने छोटा प्रोग्राम लिहिला. सोमवारी सकाळी सातला तो आपोआप चालू होई, गावोगावचे लोक मोबाइलवरून भरत त्या तक्त्यातले ताजे आकडे ओढून आणी, गावांची नावे वर्णक्रमाने लावी, आलेखाच्या पोटातला जुना तक्ता काढून नवा बसवी आणि फाइल त्या दिवसाच्या तारखेने साठवून ठेवी. कोकिळा नऊला येई तेव्हा खांब वरखाली होऊन तयार असत. संस्थेचे प्रमुख वामनराव चार लोकांत म्हणाले, "आमच्या कोकिळाताईंनी मशीनले कामाले लावलं." ती आठवडाभर हवेत होती.

एक खोट तेवढी राहिली होती, आणि तीही वामनरावांच्या हौसेपायी. आलेखाखालची गावांची लांब नावे तिरपी छापली जायची. "मान वाकडी करून वाचू काय?" ते म्हणाले. तेव्हा तिने ती नावे बंद केली आणि प्रत्येक खांबाखाली एकेक चौकट ठेवून हाताने, मोठ्या अक्षरात गावाचे नाव टाइप केले. स्लाइड देखणी झाली. खांब मशीन बदलणार, नावे तिथेच राहणार. गावे थोडीच बदलतात, असे तिला वाटले.

चैत्र सरता सरता गावे बदलली. हिवरवाडीला नळयोजना झाली म्हणून ते यादीतून गेले आणि अंजनवाडी नव्याने आले. तक्त्यात हे बदलल्यावर कोकिळाने स्लाइड उघडली, शेवटच्या चौकटीतले हिवरवाडी पुसले आणि तिथे अंजनवाडी लिहिले. एक गेले, एक आले, बाराचे बारा. दोन मिनिटांत काम आटोपून ती डबा खायला बसली.

नंतरच्या सोमवारची बैठक झाली त्याच आठवड्यात खडकपिंपरीहून सरस्वतीबाईचा फोन आला. ही तिची मावशी. आई गेल्यावर हिनेच कोकिळाला दहावीपर्यंत सांभाळले होते.

"कोकिळे, तुमचा टँकर इकडं काऊन नाही आला वं? विहिरीचे बुडाचे दगड दिसून राह्यले."

कोकिळाने समोरची स्लाइड पाहिली. खडकपिंपरीचा खांब चांगला उंच होता. "मावशी, तुमच्या विहिरीत अकरा फूट पाणी दाखवते."

"कोन दाखवते?"

"मशीन. पाणी कडूबाकाकाच नापतात ना? त्यांनीच भरला असन आकडा."

"मंग असन बाप्पा," मावशी म्हणाली. शिकलेल्या पोरीशी ती वाद घालत नसे.

पुढच्या सोमवारीही तेच झाले. टँकर शेजारच्या गवळीटाकळीला गेला. तिसऱ्या सोमवारी मावशीने फोन केला तेव्हा कोकिळाच्या बैठकीची वेळ झाली होती. "मावशी, आलेखात पाणी असतानी मी टँकर कसा मागू? भाचीनं मावशीच्या गावाले दिला म्हणतीन लोक," असे ती म्हणाली, आणि तेव्हा तिला स्वतःच्या प्रामाणिकपणाचे कौतुकही वाटले. हे तिला पुढे कधी विसरता आले नाही.

बुधवारी सकाळी सरस्वतीबाई विहिरीच्या तळातले डबके वाटीने उपसायला उतरली. पायरी निसटली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

मावशीला माती देऊन गावात परतल्यावर कोकिळाच्या मनात दुःखाच्या आधी संताप होता. सगळा राग कडूबावर. अर्धा फूट पाणी असताना त्या माणसाने अकरा कसे भरले? गावानेही तेच ठरवले होते. पोरांनी त्याच्या हातातून मापाची टेप हिसकावून घेतली, "घरात बसून आकडे लिहीत होता बुढा," असे त्याला तोंडावर सुनावले. कोकिळा तिथेच उभी होती.

शुक्रवारी ती ऑफिसात गेली ती कडूबाचा खोटा आकडा शोधायलाच. तिने तक्ता उघडला. खडकपिंपरीसमोर तीन सोमवारांचे तीन आकडे होते. अडीच. दीड. अर्धा.

तिने स्लाइड उघडली. अकरा. आलेखावर क्लिक करून त्याच्या पोटातला तक्ता काढला. तिथेही खडकपिंपरी, अर्धा. मशीनने काडीचीही चूक केली नव्हती. मग ती पडद्यावर बोट ठेवून खांब मोजू लागली. अंजनवाडी वर्णक्रमात पहिली आली होती, म्हणून पहिला खांब तिचा झाला होता आणि बाकीचे सगळे एकेक घर पुढे सरकले होते. नावे मात्र तिने बसवली तिथेच बसली होती. खडकपिंपरीच्या नावावर धरणाकाठच्या कोथळवाडीचा खांब उभा होता. आणि खडकपिंपरीचा तो नखाएवढा खांब गवळीटाकळीच्या नावावर. मावशीच्या गावची तहान दाखवून टँकर तीन आठवडे शेजारी गेला होता.

तिला हुंदकाही फुटला नाही. तिने खांब पुन्हा पहिल्यापासून मोजले.

वामनरावांना तिने सगळे दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "चूक माणसाकडूनच होते, ताई. सोमवारपर्यंत दुरुस्त करा. गावात काही बोलू नका, संस्थेचं नाव जाईल."

तिने चौकटी काढून टाकल्या आणि आलेखाची स्वतःची नावे पुन्हा चालू केली. खांबाबरोबर नावही सरकणार होते. तिरपे दिसले तरी खरे. एवढे करायला चार मिनिटे लागली. त्या चार मिनिटांचा तिला आयुष्यभर तिटकारा येणार होता.

मग ती एसटीने खडकपिंपरीला गेली. कडूबा ओट्यावर बसला होता. तिला पाहून तो उठायला लागला.

"पोरी, माह्या टेपीतच खोट असन," तो म्हणाला. "डोळे आता धड राह्यले नाहीत. पण टेपीचा ओला झाला तेवढाच भाग म्या लिवला वं. सरस्वतीची आन."

"काका, तुमचे आकडे बरोबर होते. तिन्ही. चूक माही आहे. मी खांबाखाली नावं चुकीची लावली."

खांब कसले, हे त्याला कळले नाही. तिने पुन्हा सांगितले, जमिनीवर काडीने रेघा ओढून सांगितले. त्याने एका रेघेवर बोट ठेवले.

"म्हंजे म्या अर्धा लिवला, तो तुमच्याकडं पोचला होता?"

"हाव."

"सोमवारीच?"

"सोमवारी सकाळी सातला."

कडूबाने मान हलवली. "सरस्वती मंगळवारी मले म्हणे, कडूभाऊ, म्या उतरू का खाली? म्या म्हटलं, थांब दोन दिस. अर्धा लिवला हाय, आता पाह्यतीनच संस्थेवाले." "मंग तो पाह्यला कोनं?"

कोकिळाच्या हातात काडी तशीच राहिली. आकडा पोचला होता, आलेखात शिरला होता, पडद्यावर दहा माणसांपुढे उभाही राहिला होता. पण तीन सोमवार तिने तक्ता एकदाही उघडला नव्हता.

"कोणीच नाही, काका," ती म्हणाली.