दुसऱ्याचा जॅम

माझ्या धाकट्याला घरच्या मालावर कधी भरवसाच नाही, ही त्याची जुनी खोड. आमचा संत्र्याचा जॅम जरा सैल असतो, पण चवीला कुणी नाव ठेवत नाही. तो मोठ्या दुकानांच्या साखळीत विकला जावा म्हणून आम्ही त्यांच्या खरेदी ठरवणाऱ्या बाईंकडे गेलो. धाकटा भाव, दुकानाचं मार्जिन, टिकण्याची मुदत, बारकोड सगळं पोपटासारखं बोलला. मी आपली ऐटीत बसले होते.

बाईंनी नमुन्याची बरणी उघडली. चमचाभर चाखलं, मग पुन्हा चाखलं.

"हा तर आमच्याकडे आधीच आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कंपनीचा. जॅमची प्रत्येक नवी खेप मीच चाखते. लेबल तेवढं तुमचं."

धाकट्यानं मान खाली घातली. दुकानातला घट्ट जॅम आणून त्यानं आमच्या बरणीत भरला होता.

बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, जॅम तुम्हीच करता ना?"

"करते. पण हा नाही, माझा जरा सैल असतो," मी म्हणाले.

"सैल असता तरी एखाद्या दुकानात ठेवून पाहिला असता. पण नमुनाच खोटा, तर पुढच्या मालाचं काय?" त्यांनी बरणी आमच्याकडे सरकवली.

जिन्यात धाकटा पुटपुटला, "आई, आपली छाप पडावी म्हणून केलं गं."

"पडली की," मी म्हणाले. "आता तू घरी बरण्या धू. विकायला मी जाईन, आणि माझाच जॅम नेईन."