आवसेची शेवटची तारीख

दुष्काळाच्या साली माझा मुलगा वीरभद्र याच्या केजच्या शोरूममध्ये बारा मोटारसायकली धूळ खात होत्या. पाडव्याला त्या खपल्या नाहीत, तर शोरूम बंदच पडणार होतं. मोबाइलवर टाकायचा मजकूर त्यानं मला वाचून दाखवला.

"नववर्षाच्या शुभेच्छा! पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घरी न्या, हेल्मेट मोफत. बुकिंग आदल्या दिवसापर्यंतच!"

"आरं, त्या दिवशी आवस हाय! कोण येतंय?"

"आई, लोक आता लई शिकलेत."

"मग तू शोरूमचं उद्घाटन कावून आवसेला केलं न्हाईस?"

त्यानं गुपचूप 'एकादशीपर्यंत' लिहिलं. "तोवर नंबरचे कागदबी होतील," असं वर मलाच समजावलं.

एकादशीपर्यंत अकरा गाड्या बुक झाल्या. आवसेला नांदूरघाटचे बद्रीनाथ मास्तर आले.

"मी मुहूर्त-बिहूर्त मानीत न्हाई," ते म्हणाले. "उरलेली गाडी मला द्या. पण पाडव्यालाच!"