मुहूर्त लागत नाही

शुभेच्छांचा मजकूर दरवर्षी बाईच लिहायच्या. मुख्याध्यापकांचा हात त्या बाबतीत अगदी कच्चा. त्यांनी एकदा लिहिलं तर मुलांना वाटलं, शाळा बंद पडतेय. तेव्हापासून हे काम दहावीच्या वर्गशिक्षिकेच्या गळ्यात पडलं ते पडलंच, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते आवडायचं.

यंदा वसंत पंचमीच्या आठ दिवस आधीच त्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकलं:

‘प्रिय विद्यार्थ्यांनो, वसंत पंचमीच्या मनापासून शुभेच्छा. प्रत्येकाने आपल्याला सर्वांत अवघड वाटणारं एक पुस्तक पूजेला आणावं. त्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक उचलून पहिली ओळ देवीसमोरच वाचायची. हा दिवस मुळातच शुभ. नवं काम सुरू करायला वेगळा मुहूर्त लागत नाही.’

शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा घोळवून लिहिलं होतं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एका वडिलांनी मात्र सविस्तर उत्तर दिलं: ‘बाई, लाखमोलाचं सांगितलंत. अडलेलं काम मार्गी लागेल.’ ते चिमणीचे वडील होते. चिमणी म्हणजे शेवटच्या बाकावरची, तोंडातल्या तोंडात बोलणारी, पण गणितात कुणाला हार न जाणारी मुलगी. वय पंधरा. बाई जरा सुखावल्याच. आपलं लिहिलेलं कुणी शेवटपर्यंत वाचतं म्हणजे काय!

महिन्यापूर्वी हीच चिमणी त्यांच्याजवळ रडली होती. घरी स्थळ ठरलं होतं. “पण मुहूर्तच मिळत नाहीये, बाई. परीक्षेपर्यंत तरी सुटले मी.”

“मी आहे ना,” बाई म्हणाल्या होत्या. “काही झालं की आधी मला सांगायचं.” परीक्षा झाली की घरी जाऊन बोलू, असं त्यांनी ठरवलं आणि पेपर तपासायला घेतले.

पंचमीला सकाळी वर्गात टेबलावर पांढरं कापड पसरलं. वीणा घेतलेली देवी, पिवळी फुलं, दौत, लेखणी आणि पुस्तकांची चळत. नऊला पूजा झाली. मुलं गेली, आणि बाई राखणीला खुर्ची टाकून बसल्या. मध्येच परत आलेल्या एका मुलीने विज्ञानाचं पुस्तक हळूच उघडलं, तेव्हा त्यांनी तिला असं झापलं की बिचारी पळालीच.

चिमणी पूजेला नव्हती. तिची पुस्तकं मात्र होती. एक नव्हे, सात. सगळ्यांना नवी कव्हरं घातलेली, सुतळीने घट्ट बांधलेली.

“काल संध्याकाळी देऊन गेली,” शिपाईमामा म्हणाले. “वडील गेटपाशी गाडी चालू ठेवून उभे होते. मी म्हटलं, पोरी, एकच आणायचं असतं. तर म्हणाली, मला सगळीच अवघड जाणारेत.”

बाई उठून चळतीपाशी गेल्या. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला सगळी अवघड? वरच्या पुस्तकातून कागदाचं टोक डोकावत होतं. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. आज उघडायचं नाही, हे त्यांनीच लिहिलेलं. उद्या सकाळी पोर येईल, पहिली ओळ वाचेल, तेव्हा विचारू. त्या परत बसल्या. पण नजर त्या टोकावरून हटेना. साडेबाराला त्यांनी चिमणीच्या घरी फोन लावला. बंद. तिच्या शेजारणीला लावला. पलीकडे सनईचा आवाज येत होता आणि शेजारीण काहीतरी ओरडून सांगत होती.

बाईंनी सुतळी तोडली.

‘बाई, तुमचा निरोप बाबांनी सगळ्यांना वाचून दाखवला. शाळेच्या बाईच म्हणतात मुहूर्त लागत नाही, मग थांबायचं कशाला, असं म्हणाले. पंचमीला दुपारी बाराला आहे, मोठ्या रस्त्यावरच्या हॉलमध्ये. माझ्याकडे फोन नाही. काही झालं की आधी मला सांगायचं, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून सांगते. तुम्ही पुस्तक लवकर उघडा.’

भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. नऊपासून ती चिठ्ठी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती, आणि तिला कुणी हात लावू नये म्हणून त्या स्वतः राखण करत होत्या. बाईंना स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणीही येईना.

त्यांनी पोलिसांचा नंबर फिरवला. “बालविवाह. मुलगी पंधरा वर्षांची आहे. हो, मी तिची शिक्षिका. नाही, मला आत्ताच कळलं.” शेवटचं वाक्य बोलताना जीभ अडखळली.

मग सातही पुस्तकं त्यांनी उराशी धरली. फुलं खाली पडली.

“अहो बाई, पुस्तकं तर उद्या द्यायची ना?” शिपाईमामा गोंधळून म्हणाले.

“आजच द्यायची होती,” बाई म्हणाल्या, आणि चपला न घालताच जिना उतरू लागल्या.