अडीच वितींवरचा हंडा

कसरतबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती फिजिओथेरपिस्ट, पण कंबर धरून आलेल्या माणसाला एवढा लांबलचक शब्द कोण म्हणायला लावणार? दवाखान्यात येणाऱ्यांनी आपापसात नाव ठरवून टाकलं आणि तिनंही ते चालवून घेतलं. बाई कामाला चोख आणि बोलायला फटकळ. एका गोष्टीवर तर ती अगदी अडून बसायची: ओझं उचलताना पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. तिनं स्वतः रंगवलेली पाटीच भिंतीवर होती, ‘गुडघे वाकवा, कंबर वाचवा’. या पाटीचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

त्या पाटीखाली सोमवारी सकाळी मावशी येऊन उभी राहिली. मावशी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पाणी भरायची. मोरीतला पंधरा लिटरचा हंडा उचलायचा आणि तिवईवर नेऊन ठेवायचा, असं दिवसातून दहा-बारा वेळा. एकवीस वर्षं केलं, आणि दीड महिन्यापूर्वी कंबर धरली. तेव्हापासून कसरतबाईकडे उपचार चालू होते. मावशीनं शुक्रवारी बाईनंच लिहून दिलेल्या कागदाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. त्यावर स्वच्छ अक्षरात होतं: ‘रुग्ण सूचना पाळत नाही. ओझ्याच्या कामास योग्य नाही.’

“मॅनेजर म्हणतात, एक तारखेपासून दुसरी बाई बघतो,” मावशी म्हणाली. “ताई, तुम्ही असं का लिहिलंत?”

“कारण तुम्ही ऐकत नाही, मावशी! इतक्या दिवसांत दुखणं निम्म्यावर यायला हवं होतं. तुमचं वाढलंय. म्हणजे तुम्ही पुन्हा पाठ वाकवून उचलताय.”

“गुडघेच वाकवते. देवाशपथ. जितके वाकवते तितकं जास्त दुखतं.”

कसरतबाईला वाटलं, नोकरीपायी म्हातारी थाप मारतेय. इथे दवाखान्यात खोकं उचलायला लावलं की मावशी किती छान उचलायची! दोन्ही पायांमध्ये खोकं, पाठ सरळ, मांड्यांच्या जोरावर वर. म्हणजे येत होतं, पण तिथे जाऊन आळस करत होती. बाईचं डोकं तापलं.

“चला,” ती पर्स उचलत म्हणाली. “मला प्रत्यक्ष बघू दे.”

खरं सांगायचं तर ती बघायला नाही, रंगेहाथ पकडायला निघाली होती.

कँटीनमध्ये मॅनेजर चहाचा कप हातात घेऊन उभाच होता. भांडी घासणाऱ्या दोघी हात थांबवून बघायला लागल्या. कोपऱ्यात दोन भिंतींच्या बेचक्यात नळ, त्याखाली हंडा, आणि मोरीभोवती घोट्याच्या वर येईल असा सिमेंटचा कठडा. नवा कोरा दिसत होता.

“पाणी जेवणाच्या टेबलांखाली यायचं,” मॅनेजर कौतुकानं म्हणाला. “तीन महिन्यांपूर्वी बांधून घेतला. आता एक थेंब बाहेर येत नाही.”

मावशीनं पदर खोचला. कठड्याच्या अलीकडे पाय टेकवले, शिकवल्याबरहुकूम गुडघे वाकवले, छाती वर ठेवली आणि हात लांब करून हंड्याचा काठ धरला. हंडा वर आला. मावशीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिनं हंडा लगेच खाली टेकवला.

ही थाप नव्हती. पाठ सरळ होती, गुडघे वाकलेले होते, सगळं पाटीवरच्यासारखं होतं.

“सरका जरा, मावशी,” म्हणून तिनं स्वतः तोच हंडा धरला. पस्तिशीची, रोज व्यायाम करणारी बाई. गुडघे वाकवले तशा मांड्या पुढे आल्या, हंडा गुडघ्यांच्याही पलीकडे राहिला. गुडघे फाकवून बघितले, पण कठड्यापलीकडे पाऊल ठेवायला जागाच नव्हती. उचलायला गेली आणि कंबरेत अशी काही ओढ बसली की तिनं झटकन हात सोडले. काही मोडलं नाही, पण कान गरम झाले.

“वीत लावून बघा,” मावशी म्हणाली. “मी रोज लावते.”

“कशाला?”

“तुम्हीच तर सांगितलंत, कंबर कुठं आणि ओझं कुठं ते बघा म्हणून.”

हे तिनंच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, घाईघाईत. नंतर त्या पाटीच्या नादात स्वतःच विसरली होती. मावशी पुन्हा गुडघे वाकवून बसली, बाईनं तिच्या कंबरेपासून हंड्याच्या मध्यापर्यंत हवेत आडव्या विती मोजल्या. अडीच. मग मावशी कंबरेतून वाकली. दोन. आता ओझं जवळ होतं खरं, पण धडच आडवं झाल्यानं त्याचाही भार कंबरेवर होता, त्यामुळे पाठ वाकवणंही काही सुखाचं नव्हतं. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम दोन-तीन बोटांवरून ओढतात. समोरचं ओझं जितकं लांब, तितक्या पट त्यांना ताण सोसावा लागतो. पुस्तकात हे पहिल्या वर्षालाच असतं.

“कठडा नव्हता तेव्हा कसं उचलायचात?” तिनं विचारलं.

मावशीनं हंडा रिकामा करून कठड्याबाहेर मोकळ्या फरशीवर आणला. नळाला नळी लावून तो पुन्हा भरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवले. बूड मागे, गुडघे थोडे वाकलेले, पाठ तिरकी पण ताठ. एक हात काठाला, एक बुडाखाली. हंडा पोटाशी ओढला, आधी मांडीवर टेकवला, क्षणभर थांबली आणि मग पायांच्या जोरावर उभी राहिली. कंबर ते हंडा जेमतेम एक वीत. लांबून बघणाऱ्याला हे वाकणंच दिसलं असतं. आणि कसरतबाईनं पहिल्या दिवशी तेच बघून “वाकताय, वाकताय!” म्हणून मोडून काढलं होतं.

तिला स्वतःचीच लाज वाटली. ती मॅनेजरकडे वळली.

“कंबर कठड्यानं बिघडवलीय. आणि उरलेली मी. नळाला नळी लावायची, हंडा कठड्याबाहेर गुडघ्याएवढ्या उंच स्टुलावर ठेवूनच भरायचा, आणि पंधरा नाही, दहा लिटर. पंधरा दिवस हलकं काम, मग पुन्हा बघू. बाई बदलायची गरज नाही.”

“स्टूल ना? आहे की स्टोअरमध्ये.” मॅनेजर म्हणाला. “मग नवा कागद द्या, विषय संपला.”

तिनं तिथेच टेबलावर नवा कागद लिहून दिला. त्यानं घडी घालून खिशात ठेवला. मावशी मात्र जागची हलली नाही.

“आणि शुक्रवारचा, ताई? तो फाइलमध्ये राहणार ना? मी सांगितलेलं ऐकत नाही, असं?”

मॅनेजर हसून म्हणाला, “अहो मावशी, नोकरी राहिली, आता कशाला उकरून काढता?”

“एकवीस वर्षांत माझ्याविषयी असं कुणी लिहिलेलं नाही, साहेब.”

कसरतबाईनं मॅनेजरला ती फाइल आणायला लावली आणि तो कागद मागून घेतला. फाडला नाही. स्वतःच्या ओळीखाली लिहिलं: ‘रुग्णानं सूचना तंतोतंत पाळली होती. सूचना चुकीची होती.’ सही केली, तारीख घातली आणि वाचून दाखवलं. शेवटच्या तीन शब्दांना तिचा आवाज आपोआप बारीक झाला.

“जरा मोठ्यानं, ताई,” मावशी म्हणाली. “त्या दोघींना ऐकू आलं नाही.”

कसरतबाईनं घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.