डाळिंबी रंगाची पैज

"शेठ, तुमच्या दुकानात घेतलेलं कापड रस्त्यावर गेलं की रंग का बदलतं?"

विचारलं! शुभा आणि प्रेमा दाराबाहेर एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांचीच. 'भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारून दाखव, तर मानू.' एक वर्षापूर्वी माझं तिथल्या तिथे पाणी झालं असतं. पण नववीत वक्तृत्वात कप मिळाल्यापासून माझी जीभ माझी राहिलीच नव्हती.

शिवदासशेठनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाची मुलगी?"

कोणाची ते त्यांना चांगलं माहीत होतं. काउंटरमागे ब्लाउजपीसची चवड हातात घेऊन माझे बाबाच उभे होते. बोरिवली स्टेशनाजवळच्या ह्या मॅचिंगच्या दुकानात बाबा अकरा वर्षं रंग जुळवतायत. साडी पुढे टाकली की पन्नास लालांतून तिचा लाल काढणारा माणूस.

"हे तुझ्या बापाला विचार," शेठ म्हणाले. "एका महिन्यात नऊ बायका पीस परत घेऊन आल्या. डोळे गेलेत त्याचे. सोमवारपासून तो गोडाऊनला, काउंटर रतनकडे."

रतन म्हणजे शेठचा पुतण्या. दुकान 'मॉडर्न' करण्याचं काम त्याचंच. त्यानं केस मागे सारले. "एवढा लख्ख उजेड लावून दिलाय. अजून काय, दुर्बीण देऊ?"

बाबा फक्त मला म्हणाले, "उत्तरा, घरी जा."

बाहेर आल्यावर प्रेमा कुजबुजली, "सॉरी यार. माझ्या जयंतीमावशीचाही पीस चुकलाय. ती तर म्हणते, तुझ्या बाबांना मोतीबिंदू झालाय."

मला इतका राग आला की शाळेची बाटली मी खांबावर आपटली. टोपण फुटलं.

बाबांचे डोळे! घरी तांदळातला पांढरा खडा ते लांबून दाखवतात. मग बदललं होतं काय? दोनच गोष्टी, दोन्ही रतनच्या. आधी दुकानाचं तोंड उघडं होतं. पीस काढला की बाबा म्हणायचे, "ताई, दारात चला," आणि पायरीवर उभं राहून बायका पदर आणि पीस उन्हाच्या उजेडात शेजारी धरायच्या. बोरिवलीतल्या सगळ्या बायकांना ही पायरी माहीत. रतननं तिथे काचेचं शोकेस उभं केलं, आत दोन साडीवाल्या पुतळ्या. पायरी गेली, उजेडही गेला. शिवाय दुकानात त्यानं मर्क्युरीचे दिवे टांगले, रस्त्याच्या खांबावर असतात तसले. कुणी दारात जायचं म्हटलं की तो फिसकारायचा, "आत काय अंधार आहे?"

आईचा भाऊ धोंडूमामा आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहतो. मढच्या बंगल्यांत शूटिंग असतं तिथे लाइटी उचलतो. त्याला सांगितलं तर तो बिडी विझवून हसायला लागला.

"मर्क्युरी? कापडाच्या दुकानात? गो बाय, दिव्यातच तांबडो कमी, तर कापडात खयसून दिसतलो? आमच्या हिरोइनीक त्या उजेडात उभी केली तर मेलेली दिसात!"

त्यानं ट्रंकेतून दोन बल्ब काढले. पाठीला चांदीसारखा मुलामा, तोंड सपाट. दिसायला जुळे. पण वर आमच्या घरी पेटवून भिंतीपासून एक मीटरवर धरले तेव्हा एकाचा उजेड जेमतेम ताटलीएवढा गोल पडला, दुसऱ्याचा दोन पोळपाट मावतील एवढा. मी मागे सरकून दोन मीटरवर गेले. दोन्ही गोल दुप्पट रुंद झाले आणि कितीतरी मंद. अरुंद बल्ब एका बिंदूला झळाळी देतो, रुंद बल्ब सगळं अंग दाखवतो. आणि दोघांच्याही उजेडात आईची कुंकवाची डबी खरी लाल दिसत होती. मी नाचलेच.

"नाचू नको," आई म्हणाली. "शेठच्या नादाला लागू नको. गोडाऊन तर गोडाऊन, नोकरी तरी आहे."

"आई, तिथे बाबा गाठोडी उचलणार? कंबर बघितलीस त्यांची?"

आईनं भाकरी जरा जोरात थापली.

रविवारी सकाळी मी, धोंडूमामा आणि जयंतीमावशी दुकानात शिरलो. मावशी स्वतःच्या भांडणासाठी आली होती. बगलेत डाळिंबी साडी, हातात चुकलेला पीस. नवरात्र चार दिवसांवर, दुकान बायकांनी भरलेलं.

"पुन्हा तू?" रतन म्हणाला.

"शेठ," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "बाबांना नको, तुम्हीच जुळवून दाखवा. ह्या साडीला पीस. तुमच्या लख्ख उजेडात."

"उत्तरा!" बाबांचा आवाज फाटला.

शेठचे ओठ पातळ झाले. "जुळवतो. पण जुळलं तर उद्यापासून तुझा बाप गोडाऊनलाही नको. चालेल?"

मी बाबांकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर पळाले असते.

"चालेल," माझ्या तोंडून गेलं.

शेठनी सहा पीस काढले, चार बाजूला टाकले. उरलेल्या दोनांतला एक रतननं उचलून पदरावर ठेवला. "हाच! जुळे भाऊ आहेत. काकू, बघा, फरक दाखवा."

मावशी वाकली. तिलाही दिसेना. "आत्ता तर एकच वाटतंय," ती नाइलाजानं म्हणाली. शेठनी मान डोलावली.

तेवढ्यात मामानं चिमट्याचा होल्डर मांडणीला अडकवला, रुंद बल्ब लावला आणि काउंटरवरचा मर्क्युरी बंद केला.

पदर डाळिंबाच्या दाण्यासारखा उजळला. आणि शेजारचा पीस? चिंचेच्या कोळासारखा तपकिरी.

"अगं बाई!" कुणीतरी ओरडलं. मावशीनं आपला आधीचा चुकलेला पीसही तिथे टाकला. तोही चिंच. "म्हणजे सहदेवभाऊंचे डोळे नाही, तुमचे दिवेच आंधळे!"

"ही काहीतरी हातचलाखी आहे!" रतननं धावत जाऊन मर्क्युरीचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा खाडकन.

"तापलेलो मर्क्युरी लगेच पेटणा नाय रे," मामा शांतपणे म्हणाला. "थंड होऊक व्हयो. पाच-धा मिनटां बस."

तेवढी मिनिटं काउंटरवर फक्त आमचाच बल्ब होता. बाया एकेक पीस त्याखाली आणून धरायला लागल्या. एकीनं मोरपंखी परत टाकला, दुसरीनं राणी. शेठ साडी आणि पीस घेऊन शोकेसच्या फटीतून रस्त्यावर गेले, उन्हात उभे राहिले आणि तसेच परत आले. चेहरा दगडासारखा.

मी तर हवेत होते! "बघितलंत? सगळीकडे हेच बल्ब लावा. मग दारात जायची कुणाला गरजच नाही!"

"थांब," बाबा म्हणाले. महिनाभरात दुकानात ते पहिल्यांदाच कडक बोलत होते, आणि तेही मलाच. त्यांनी दोन पीस बल्बखाली टाकले. "काळा कुठला?"

"हा," मी डावा उचलला. छातीठोक.

"दारात जा."

गेले. माझ्या हातात नेव्ही ब्लू होता.

"बल्बचा उजेड पिवळट," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लाल खरा दाखवतो, गडद निळा बुडवतो. ह्याला दारच लागतं. अकरा वर्षं मी काय नाटक करायला पायरीवर जात होतो?"

रतन खो खो हसला. "शेंबडी इंजिनीअर!" माझे कान जळायला लागले. पण शेठ हसले नाहीत. ते बाबांकडे बघत होते.

"सहदेव, उद्या काउंटरवरच ये," ते म्हणाले. "रतन, हे दिवे उतरव. आणि ही पोरगी मला पुन्हा दुकानात दिसता कामा नये. चारचौघांत माझी अब्रू घालवायला आली."

रस्त्यावर मामानं माझ्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी संध्याकाळी ते घरी आले, चप्पल काढली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "रतननं शोकेसमध्ये तसले बल्ब लावले. अरुंद, आणि बरोबर पुतळ्यांच्या डोक्यावर. दोघींची टकलं चमकतायत, साड्या अंधारात. लोक हसतायत. शेठचा निरोप आहे, नवरात्राआधी ते नीट करून जा. पण आधी माफी माग."

"मागेल ती," आई लगेच म्हणाली. "काय गं, जीभ झिजते का? मोठी माणसं आहेत. बाबांची जागा राहिली, अजून काय हवं तुला?"

"मोठ्या माणसानं बाबांना आंधळं म्हटलं. त्यांनी मागितली का माफी?"

"तोंड बघ हिचं!"

"तिनं माझी भाकरी पैजेवर लावली, सुलक्षणा," बाबा हळूच म्हणाले. "मला न विचारता."

हे मात्र लागलं. मी खाली बसले. म्हणाले, "ते चुकलं, बाबा. त्याबद्दल माफी तुमची मागते. शेठची नाही."

आईनं कुकरखालची वात कमी केली.

मी वही काढली. शेठनी दिवे उतरवायला सांगितल्यापासूनच डोक्यात होतं; दुपारी तासाला मागच्या बाकावर बसून शोकेस काढलं होतं. साडीच्या अंगासाठी रुंद बल्ब पुढून तिरका, रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत जाणार नाही असा. जरीच्या काठाला अरुंद बल्ब बाजूनं, हातभर तरी लांब, नाहीतर कापड भाजेल. बाबांनी वही जवळ ओढली. बराच वेळ बघितलं.

"इथे दोन पुतळ्या होत्या," त्यांनी बोट ठेवलं. "तू एकच काढलीस."

"हो. दुसरीच्या जागी पायरी आहे."

मी उभी राहिले, वक्तृत्वाच्या स्टेजवर राहते तशी.

"मी उद्या शाळा सुटल्यावर दुकानात जाणार. दिवे लावून देणार. माफी मागणार नाही. आणि डाव्या बाजूची पुतळी काढून बाबांची पायरी मोकळी केल्याशिवाय एकाही बल्बला हात लावणार नाही. हे मी शेठना सांगणार, पण बाबा, ह्या वेळी आधी तुम्हाला सांगते आहे."