चुन्याखालचा आकडा

आलापल्लीच्या बाजारपेठेत मंजुषा तेलुगू कागदपत्रांचे मराठी भाषांतर करून देते. तिचे माहेर तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याचे, त्यामुळे दोन्ही भाषा तिला सारख्याच जवळच्या.

त्या दुपारी मुखरूने मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर तेलंगणातल्या एका दुकानाच्या हस्तलिखित पावतीचा फोटो होता. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला, बुधरीला, एका कानाचे श्रवणयंत्र तिथूनच घेतले होते. चंद्रपूरची एक संस्था पैसे परत देणार होती आणि त्यातूनच दुसऱ्या कानाचे यंत्र यायचे होते. कागद संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते.

मंजुषाने अक्षरी रक्कम मोठ्याने वाचली, "इरवै रेंडु वेल नालुगु वंदल रूपायलु. म्हणजे बावीस हजार चारशे." मग ती थांबली. "पण भाऊ, आकड्यात दोन हजार चारशेच दिसतात."

"असं कसं? आम्ही बावीसच देल्ले! तुम्हीच आधी दोनचा आकडा लावून टाका ना बाई."

"मी दुकानदार नाई भाऊ. कागदावर जे दिसते, तेच लिहीन."

"मंग पोरीचा दुसरा कान?"

तिने वरच्या ओळींची बेरीज केली : यंत्र अठरा हजार पाचशे, बसवण्याचे तीन हजार, बॅटऱ्या नऊशे. एकूण बावीस हजार चारशे. बेरीज अक्षरांशी जुळत होती. पण बेरीज म्हणजे लिहिलेला आकडा नव्हे. तिने फोटो मोठा केला. दोनाच्या आधी पांढरा डाग होता.

"पावती कुठी ठेवली होती?"

"पानाच्या चंचीत. तिथून हरवत नाई."

"चुन्याच्या डबीजवळ?"

मुखरू ओशाळून हसला. पावती आता घरी त्याच्या बायकोजवळ, कांताजवळ होती. मंजुषाने तिला फोन लावला.

"कांताबाई, पाणी लावू नका. कोरड्या फडक्याने हळूच झटका, खरवडू नका. मग उजेडात फोटो काढा."

"यानं पावतीलेबी पान खाऊ घातलं का?" पलीकडून कांता म्हणाली.

तासाभराने नवा फोटो आला. शाई फिकटली होती, पण पेनाच्या दाबाने कागदावर उठलेला पहिला दोन स्पष्ट वाचता येत होता. मंजुषाने आधी लिहायला घेतलेला मसुदा फाडला. नव्या भाषांतरात तिने आकडा आणि अक्षरे पावतीवर होती तशी उतरवली आणि खाली टीप दिली : 'मूळ पावतीवर आकड्यातील पहिला अंक फिकट आहे, परंतु वाचता येतो. अंकी व अक्षरी रक्कम जुळते.'

"फिकट हाये हे काऊन लिवलं बाई? पाहून अडवतील ना."

"पावती पाहतील तेव्हा त्यांनाही फिकटच दिसेल. मी आधीच सांगितलं तर बाकीच्यावर विश्वास बसेल."

कागद पाठवल्यावर पाच वाजता संस्थेत ते तपासणाऱ्या प्रफुल्लचा फोन आला. आकड्याबद्दल त्याने काहीच विचारले नाही. त्याला एवढेच हवे होते, की दुसरे यंत्र डाव्या कानाचे की उजव्या.