आजोबांना किती गुण द्यायचे?

रुग्णालयाची धोका नोंदवही, नोंद क्रमांक: १७

धोका: तपासणी विभागाचा, म्हणजे लॅबचा, सर्व्हर. वय अकरा. कंपनीने हात झटकून तीन वर्षं झाली. सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत. यंदा बदलता येणार नाही.

मालक: इथे सिस्टीमवाली थांबली. साहेबांनी या रकान्यात तिचं नाव आधीच टाकून ठेवलं होतं. म्हणजे उद्या रुग्णांचे रिपोर्ट अडकले, की जाब तिला.

परिणाम: पाचपैकी ४. यावर वाद नव्हता. रिपोर्ट नाही तर ऑपरेशन नाही.

शक्यता: २. हाही आकडा साहेबांचाच. चार दुणे आठ, रंग पिवळा, फाइल बंद. पंधराच्या वर गेलं की नोंद लाल होते, संचालकांपुढे जाते, आणि मालक म्हणून विभागप्रमुखाचं, म्हणजे साहेबांचंच, नाव लागतं. साहेब ताकाला आले होते आणि भांडं पाठीमागे होतं.

शक्यता: २ (का?). अकरा वर्षांत आजोबा एकदाही पडले नाहीत, हा साहेबांचा मुद्दा. सर्व्हरला सगळे आजोबाच म्हणत. ती म्हणाली, पडतील कसे, चार वर्षांत त्यांना कुणी बंदच केलेलं नाही. आजोबांच्या छातीवर साहेबांच्याच अक्षरात कागद चिकटवलेला होता: बंद करू नये. धूळही पुसू नये.

शक्यता: बघू. तिने वाद सोडला, साहेबांना घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेली आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"साहेब, दोन म्हणजे क्वचितच ना? लॅब जेवायला गेलीय. तेवढ्यात एकदा रीस्टार्ट करून घेते."

"हात लावू नका."

"पाच मिनिटांत उठतील की."

"आणि नाही उठले तर?"

"बॅकअप आहे ना."

"तो कधी कुणी उघडून पाहिलाय?" साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना सगळ्यांत शेवटी ऐकू आलं.



"तीन लिहा," साहेब म्हणाले. भाजी घासाघीस करून घेणाऱ्याचा सूर होता. तिने कीबोर्डवरचा हात काढला नाही.

"बरं, चार."

शक्यता: ४. गुण: १६. रंग लाल. मालक: साहेब.

उपाय: आजोबांना वेगळ्या नेटवर्कवर ठेवणे, इंटरनेट तोडणे. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघणे, दर महिन्याला. लॅबमध्ये कागदी रिपोर्टचे फॉर्म. नवा सर्व्हर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये. आढावा दर तिमाहीला.

उपायांनंतर: शक्यता ४ च, कारण म्हातारपणावर उपाय नाही. परिणाम २. गुण ८. साहेबांचा लाडका आठ शेवटी मिळाला, पण घाम गाळून.

गुरुवारी बॅकअप उतरवला. रिपोर्ट झरझर दिसू लागले, आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी थांबले. पुढे काही नाही. त्या दिवशी बॅकअपची डिस्क भरली होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. दोघांनी तिथेच बसून नवी डिस्क लावली, अख्खी प्रत घेतली, उघडून पाहिली. संध्याकाळचे सहा वाजले.

नोंद क्रमांक: १८

धोका: बॅकअप.

मालक: हा रकाना या वेळी कुणी आधी भरून ठेवला नव्हता. सिस्टीमवालीने साहेबांकडे पाहिलं. साहेब आजोबांवरची धूळ पुसत होते, हळूच, स्वतःच्या रुमालाने.